पाढा पाठ, पण मधलं विचारलं की अडतो

“माझा मुलगा दुसरीत आहे. बेचा आणि पाचचा पाढा घडाघडा म्हणतो. पण तीन-चारचा सराव दिला की रडायला लागतो. त्याला सरावाचा कागद कसा करून देऊ?”

या ताई आल्या तेव्हा घरी केलेला कागद सोबत होता. त्यावर पाचचा पाढा ओळीने उभा मांडला होता. मुलाने माझ्यासमोर काय केलं, तर आधी एककाच्या जागी वरून खाली ५, ०, ५, ० लिहीत गेला आणि मग डावीकडचे अंक भरले. गणित एकही वाचलं नाही. दहापैकी दहा बरोबर! मग मी ‘पाच साती?’ विचारलं, तर ओठ हलायला लागले: पाच एके पाच, पाच दुणे दहा... त्याला पाढ्याची चाल येत होती, सुटी उत्तरं येत नव्हती.

म्हणून पहिला बदल क्रमाचा केला. अर्ध्या पानावर बाराच गणितं, दोन, पाच आणि दहाची, उलटसुलट. ती ओठ न हलवता येऊ लागल्यावर चारचा पाढा घेतला, तीनचा नाही. कारण चार म्हणजे दोनाची दुप्पट. कागदावर २ × ६ च्या शेजारीच ४ × ६ ठेवलं. बारा लिहिल्यावर तो थांबला, बारा-बारा पुटपुटला आणि चोवीस लिहिलं. बारा गणितांत नवी तीनच. बाकी नऊ येणारी. माझ्याकडून इथे एकदा घाई झाली, नवी सहा घातली आणि दुसऱ्या दिवशी बोटं परत आली. पुन्हा तीनवर आलो.

पुढे तीन: बे साती चौदा, त्यात आणखी एक सात, एकवीस. सहा हा पाचात एक वेळ मिळवून: पस्तीस आणि सात, बेचाळीस. नऊ दहातून एक वेळ काढून: सत्तरातून सात गेले, त्रेसष्ट. आठ मात्र मी मुद्दाम मागे ठेवते. चाराची दुप्पट म्हणजे आठ हे खरं, पण त्यासाठी अठ्ठावीसची दुप्पट तोंडी करावी लागते आणि दुसरीतल्या बऱ्याच मुलांना ती जड जाते. तो पुढच्या वर्षी आला तरी चालतो.

सातची सगळ्यांना भीती वाटते, म्हणून तो अगदी शेवटी. तोवर ३ × ७ आणि ७ × ३ एकच, हे त्याला चिंचोक्यांच्या रांगा मांडून दाखवलेलं असतं. तीन रांगांचा पुठ्ठा आडवा फिरवला की सात रांगा होतात. मग बाकीचे पाढे झाल्यावर सातच्या पाढ्यात खरं नवं एकच उरतं: साती साती एकोणपन्नास.

घड्याळ लावू नका. नव्या तिन्ही गणितांवर सलग दोन दिवस ओठ हलले नाहीत, की पुढची तीन घाला.