यंत्रमागाच्या आवाजात वायरलेस इअरफोन: रोजच्या वापरानंतरचे निरीक्षण

प्रश्न: मी सोलापुरात चादर-टॉवेलच्या कारखान्यात ऑर्डरचे काम पाहतो. दिवसभर व्यापाऱ्यांचे फोन असतात आणि मागे माग चालू असतात. दोन हजारांच्या आसपासचा वायरलेस इअरफोन घ्यायचा आहे. रोज वापरणाऱ्यांनी आवाज, कॉल, कानात बसणे आणि बॅटरी याबद्दल खरे काय ते सांगावे.

उत्तर:

मीही सोलापुरातच, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या भागात काम करतो आणि याच किमतीचा, कानाच्या आत बसणारा, खाली छोटी दांडी असलेला इअरफोन दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत रोज वापरत आलो आहे. आपण विचारलेल्या चार गोष्टींपैकी मी कानात बसण्याला पहिले स्थान देतो, कारण ते नीट जमले नाही तर बाकीच्या तिन्ही गोष्टींबद्दलचे आपले मत चुकीचे बनते.

इअरफोनच्या टोकावरची सिलिकॉनची टिप कानाची नळी पूर्ण बंद करते तेव्हाच खालचे सूर, म्हणजे ढोलकीचा किंवा तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा, ऐकू येतो. बारीकशी फट राहिली तरी हे सूर तिथून निसटतात, गाणे पातळ आणि कर्कश वाटू लागते आणि माणूस दोष इअरफोनला देतो. फट आहे की नाही हे ओळखणे सोपे आहे. गाणे चालू ठेवून दोन्ही बाजू बोटाने हलक्या हाताने आत दाबाव्यात. दाबल्याबरोबर घुमारा वाढला, तर टिप लहान पडते आहे किंवा इअरफोन नीट बसलेला नाही. बसवताना विरुद्ध हाताने कानाची वरची कड किंचित वर आणि मागे ओढावी, इअरफोन आत सरकवावा आणि मग दांडी तोंडाच्या दिशेने फिरवावी. अनेकांचे दोन्ही कान सारख्या मापाचे नसतात, त्यामुळे एका बाजूला मध्यम आणि दुसऱ्या बाजूला मोठी टिप लावण्यात काहीही वावगे नाही. माझी जोडी तशीच आहे. ही तपासणी गप्प बसून करण्याबरोबरच बोलतानाही करावी, कारण जबडा हलला की नळीचा आकार बदलतो आणि शांत बसल्यावर घट्ट वाटणारी टिप पाच मिनिटांच्या फोनमध्ये सैल होते. घामाने सिलिकॉन निसरडे होते. फोमच्या टिपा अधिक धरून राहतात, परंतु त्या काही महिन्यांत झिजतात आणि कानातला मळ धरून ठेवतात.

मागांच्या शेडमध्ये या बसण्याचे महत्त्व आणखी वाढते. धोट्याच्या मागांचा आवाज 90 डेसिबलच्या वर असतो आणि त्यात धोटा आपटण्याचा तीक्ष्ण खडखडाट मोठ्या प्रमाणात असतो. बाहेरचा आवाज कापणारी जी सोय खोक्यावर एएनसी म्हणून लिहिलेली असते, ती पंखा किंवा बसचे इंजिन अशा सलग, खालच्या घरघरीवर चांगली चालते. खडखडाटापुढे तिचा फारसा उपयोग होत नाही, तो अडवते ती मुख्यतः कानात घट्ट बसलेली टिप. टिप सैल असेल तर आपण नकळत आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार प्रौढांसाठी 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंतच सुरक्षित धरला जातो, म्हणून मागांवर मात करण्यासाठी इअरफोनचा आवाज चढवणे कानासाठी घातक आहे. शेडमध्ये सतत उभे राहणाऱ्याने श्रवणरक्षक साधनाऐवजी इअरफोन वापरू नये, हेही मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

आता कॉलविषयी, कारण आपल्या कामाचा गाभा तोच आहे. खोक्यावरचे एएनसी आपल्याला काय ऐकू येते यासाठी असते. समोरच्याला आपण कसे ऐकू जातो याची सोय वेगळी असते आणि तिला बहुधा ईएनसी म्हणतात. तिच्यात प्रत्येक बाजूचे दोन किंवा अधिक मायक्रोफोन तोंडाच्या दिशेचा आवाज वेगळा काढण्याचा प्रयत्न करतात. आजूबाजूचा आवाज सलग असेल तर हे बऱ्यापैकी साधते. मागांच्या शेडमध्ये मात्र खडखडाट आणि माणसाचे बोलणे बऱ्याच अंशी एकाच पट्टीत येतात, त्यामुळे यंत्रणा आवाज कापताना आपले शब्दही कापते आणि समोरच्याला आपण पाण्याखालून बोलतो आहोत असे वाटते. शेडच्या दाराबाहेर आठ-दहा पावले गेल्यावर हाच इअरफोन चांगला चालतो. दांडी असलेला प्रकार मी यासाठीच सुचवतो की मायक्रोफोन तोंडाच्या थोडा जवळ येतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते: कूलरचा झोत थेट कानावर आला तर वारा मायक्रोफोनवर आदळून फरफर ऐकू जाते, म्हणून फोनवर बोलताना झोताकडे पाठ करून बसावे किंवा बाजूला सरकावे.

बोलणे चालू झाले की गाण्याच्या वेळची स्पष्टता उरत नाही, हेही ध्यानात घ्यावे. ब्ल्यूटूथ संगीतासाठी एक पद्धत वापरतो आणि बोलण्यासाठी दुसरी, अधिक मर्यादित पद्धत वापरतो. जुन्या प्रकारात आवाजाचे नमुने सेकंदाला 8 हजार वेळा घेतले जातात, नव्यात 16 हजार वेळा. जुन्या प्रकारात स, श, फ यांसारख्या वर्णांचा वरचा भाग निघून जातो. म्हणून चाचणी घेताना ‘आवाज येतोय का?’ एवढेच न विचारता भाव आणि नगसंख्या सांगाव्यात आणि समोरच्याला त्या लिहून परत वाचायला सांगाव्यात. मी एका ओळखीच्या व्यापाऱ्याला आधी ऑफिसात बसून, नंतर शेडच्या दारात उभे राहून आणि शेवटी मागांजवळून ‘छप्पन्न डझन, सदुसष्ट डझन, शहात्तर डझन’ असे आकडे सांगितले. ऑफिसातून सगळे बरोबर उतरले, दारातून एक पुन्हा सांगावा लागला आणि मागांजवळून ‘सदुसष्ट’चे ‘सत्तर’ झाले. तेव्हापासून ऑर्डरचा आकडा मी शेडमधून सांगत नाही.

गाण्यांच्या बाबतीत, टिप नीट बसल्यावर, या किमतीत आवाज समाधानकारक मिळतो. कंपन्या खालचे सूर मुद्दाम फुगवतात, त्यामुळे जुन्या नाट्यपदांत गायकाचा आवाज मागे दबतो. ॲपमधील इक्वलायझरवर खालची पट्टी थोडी उतरवली की तो पुढे येतो. एका बाजूचा आवाज हळूहळू कमी झाला तर बिघाड समजण्यापूर्वी टिप काढून जाळीतला मळ कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून, झाडावा.

बॅटरीचा आकडा वाचताना बेरीज कशाची आहे हे पाहावे. माझ्या खोक्यावर 40 तास लिहिले होते. त्यात इअरफोनचे 8 तास आणि डबीतून चार वेळा चार्ज करून मिळणारे 32 तास धरलेले होते, तेही एएनसी बंद ठेवून आणि मध्यम आवाजात. नवा असताना प्रत्यक्षात गाणी सुमारे सात तास, एएनसी चालू असताना पाच तास आणि सलग बोलताना चार तास मिळत. आता बोलण्याचे तीन तासही कसेबसे होतात. यात वयाबरोबर उष्णतेचाही भाग आहे. लिथियम बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करू नये, असे सर्वसाधारण बंधन आहे. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतलाच पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तो किती चढत असेल याचा अंदाज यावा. डबीत ठेवलेले इअरफोन डबीकडून चार्ज होतच राहतात, म्हणजे डिकीतल्या डबीत नेमके नको तेच घडते. डबी खिशात किंवा टेबलाच्या खणात ठेवावी. फोनसाठी एकच बाजू वापरण्याची सवय असेल तर डावी-उजवी आलटून-पालटून वापरावी, नाहीतर एका बाजूची बॅटरी आधी थकते आणि जोडी निरुपयोगी होते. घेताना दुकानदाराला एवढे जरूर विचारावे की वॉरंटीत बॅटरी लवकर उतरण्याची तक्रार धरतात का, आणि एकच बाजू बदलून मिळते का. मला दोन दुकानांत या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे मिळाली होती, म्हणून उत्तर बिलावर लिहून घ्यावे.