बायकॉर्न्युएट की सेप्टेट, हे आधी ठरू दे

"ताई, माझे दोन गर्भपात झालेत. एचएसजीच्या रिपोर्टमध्ये बायकॉर्न्युएट गर्भाशय लिहिलंय. तीन महिन्यांनी आम्ही तिकडे राहायला येतोय. ऑपरेशन इथेच उरकून येऊ का? पाळीत पोट फार दुखतं, तेही यामुळेच का?"

ऑपरेशनची घाई करू नकोस. माझ्याही एचएसजीवर हाच शब्द होता आणि तो चुकीचा निघाला.

एचएसजीत गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात, त्यामुळे दिसते फक्त आतली पोकळी. माझी वाय आकाराची दिसली होती. पण बायकॉर्न्युएट, म्हणजे गर्भाशय वरून दुभंगलेलं असलं तरी पोकळी तशीच दिसते आणि सेप्टेट, म्हणजे बाहेरून अखंड असून आत पडदा असला तरी तशीच. फरक असतो तो बाहेरच्या कडेत, आणि ती या एक्स-रेत येतच नाही.

इथे आल्यावर माझी थ्रीडी सोनोग्राफी झाली, पाळीच्या आधीच्या आठवड्यात. तेव्हा आतलं अस्तर जाड असतं आणि पोकळी पांढरी उठून दिसते. डॉक्टरांनी स्क्रीनवर समोरून घेतलेला छेद दाखवला: दोन पांढऱ्या शिंगांच्या मधोमध करडी पट्टी, पण वरची कड सलग, कुठे खाच नाही. म्हणजे सेप्टेट. तिथे १ सेंटीमीटरहून खोल खाच असती तर बायकॉर्न्युएट म्हटलं असतं. चित्र स्पष्ट आलं नाही तर एमआरआय करतात.

हा नुसता नावाचा घोळ नाही. पडदा दुर्बिणीने योनिमार्गातूनच कापता येतो, पोटावर टाका पडत नाही. बायकॉर्न्युएटमध्ये मात्र मधे कापण्याजोगा पडदा नसतोच. त्याला पडदा समजून कापत गेलं तर गर्भाशयाला आरपार भोक पडू शकतं. त्यात सहसा ऑपरेशन करत नाहीत. गरोदरपणी वेळेआधी कळा आणि पायाळू बाळ याकडे लक्ष ठेवतात.

आणि पडदा निघाला तरी तो कापलाच पाहिजे असं नाही. २०२१ साली ८० बायकांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष आले: कापलेल्या गटात ३१ टक्क्यांना मूल झालं, न कापलेल्या गटात ३५ टक्क्यांना. चाचणी लहान होती, त्यामुळे डॉक्टरांत अजून दोन तट आहेत. मी कापून घेतला, पण तुला तसंच कर म्हणणार नाही. गर्भपाताची दुसरी कारणं शोधणाऱ्या थायरॉईड आणि अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीच्या रक्ततपासण्या राहिल्या असतील तर त्या आधी कर.

दुखण्याचं म्हणशील तर साध्या पडद्याने सहसा पाळी बदलत नाही. दर महिन्याला एकाच बाजूला कळ येत असेल तर तसं स्पष्ट सांग, गर्भाशयाचं एखादं शिंग बंद असून रक्त आत तुंबत असू शकतं. टॅम्पॉन लावूनही बाजूने रक्त येत असेल तर योनीतही पडदा आहे का ते बघायला लाव. त्याच वेळी मूत्रपिंडंही बघून घे, कारण आईच्या पोटात बाळ वाढताना गर्भाशय आणि मूत्रपिंडं जवळजवळ घडतात; काहींना मूत्रपिंड एकच असतं.

येताना नुसता कागदी रिपोर्ट आणू नकोस, चित्रांची सीडी माग. माझ्याकडे कागदच होता, म्हणून सगळं पहिल्यापासून करावं लागलं.