नव्या उत्पादनाचा रिपोर्ट: तुलना कशाशी?

प्रश्न: आमचा नाचणी चिप्सचा नवा पॅक बाजारात येऊन सहा आठवडे झाले. मागचा आकडाच नाही, मग रिपोर्टमध्ये बेंचमार्क काय धरू?

उत्तर: आधी डिस्ट्रिब्युटरला गेलेला माल बाजूला ठेवा. सुरुवातीला तो फक्त दुकानांची फळी भरतो, खप सांगत नाही. दुकानातून ग्राहकाला गेलेले पॅक मोजा, तेही प्रति दुकान प्रति आठवडा. नाहीतर दुकानं वाढली की खप वाढल्याचा भास होतो.

समजा आकडे आले १४, ११, ७, ६, ८, ७. पहिले दोन आठवडे ऑफरचे आणि नवलाईचे, ते वगळा. उरलेल्या चारांचा मध्यक ७. रिपोर्टमध्ये '७, पट्टा ६ ते ८, तात्पुरता' असं लिहा आणि बाराव्या आठवड्याला फेरआढावा घेणार हेही आत्ताच नोंदवा. मधेच बेंचमार्क बदलू नका, साहेबांनी कितीही आग्रह धरला तरी.

शेजारी माल संपलेल्या दुकानांची संख्या द्याच. आकडा ५ वर आला आणि बरीच दुकानं रिकामी असतील, तर मागणी नव्हे, पुरवठा घसरलाय.