फेनिटॉइनचा आकडा वाचण्यापूर्वी

इंदूरमध्ये फार्मसी शिकणाऱ्या नव्या मित्रांनो, रक्तदाबाच्या गोळीचा परिणाम यंत्रावर दिसतो, म्हणून तिची रक्तपातळी कोणी मोजत नाही. डिगॉक्सिन, लिथियम, फेनिटॉइन यांची मोजतात, कारण त्यांच्या उपयुक्त आणि विषारी पातळीत अंतर थोडे असते.

यांपैकी अपस्माराच्या झटक्यांवरचे फेनिटॉइन नीट समजून घ्या. नमुना सकाळच्या मात्रेच्या अगदी आधी घ्यावा, आणि मात्रा बदलली असेल तर पातळी स्थिरावण्यास साधारण दोन आठवडे, कधी अधिकही, द्यावेत. अहवालातील नेहमीची मर्यादा १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असते, पण ती एकूण औषधाची; परिणाम करतो तो रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला न चिकटलेला, सुमारे दहा टक्के भाग. अल्ब्युमिन कमी असेल तर हा मुक्त भाग वाढतो.

समजा, कुपोषित रुग्णाची पातळी ८ आणि अल्ब्युमिन २ ग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. सुधारित पातळी = ८ ÷ (०.२ × २ + ०.१) = १६. म्हणजे कमी वाटणारी पातळी प्रत्यक्षात पुरेशी आहे. येथे मात्रा ३०० वरून ४०० मिलिग्रॅम केली, तर औषध मोडणारे यकृतातील विकर संपृक्त होत असल्याने पातळी प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक चढू शकते. डोळ्यांची थरथर आणि चालताना तोल जाणे ही अशा चढलेल्या पातळीची पहिली चिन्हे. हे सूत्र अंदाजच देते आणि मूत्रपिंड निकामी असल्यास असेच वापरता येत नाही, त्यामुळे मुक्त फेनिटॉइनची तपासणी उपलब्ध असेल तेथे तीच मागवावी.