एकशे साठ अक्षरांत सल्लागाराची ओळख

‘सर, रामराम. मुलगी बी.एस्सी. ॲग्री आहे. तीन वर्षं ठिबकच्या कंपनीत होती, आता केळीवाल्यांना स्वतंत्रपणे खत-पाण्याचा सल्ला देते. प्रोफाइलवर तिनं लिहिलंय: कृषी सल्लागार, शेतकऱ्यांच्या सेवेत सदैव तत्पर, शेतीविषयक सर्व मार्गदर्शन. मेसेज येतात, पण कपाशीच्या बोंडअळीचे. 160 अक्षरांत काय लिहावं?’
– एक वडील, रावेर तालुका

भाऊ, चूक ‘सर्व’ या शब्दात आहे. ‘सर्व मार्गदर्शन’ वाचून कपाशीवाला विचारणारच. ‘सेवेत तत्पर’ तर दुकानाच्या पाटीवरही असतं, त्यातून तिचं काम कळत नाही. मी अशी ओळ सुचवेन:

‘केळीसाठी ठिबकमधून खतांचं वेळापत्रक, माती अहवाल पाहून. रावेर-यावलमध्ये बांधावर येते. खत-औषध विकत नाही. भेटीसाठी मेसेज करा.’

पीक पहिल्याच शब्दात आलं, कारण शेतकरी आधी आपलं पीक शोधतो. गावांची नावं दिल्यानं शिरपूरहून बोलावणं येऊन तिला नाही म्हणावं लागणार नाही. सगळ्यात मोलाचं वाक्य मला ‘खत-औषध विकत नाही’ हे वाटतं. सल्ला देणारा शेवटी कुठल्या तरी दुकानाची चिठ्ठी हातात ठेवतो, हा अनुभव आपल्याकडे अनेकांना आहे, आणि स्वतंत्र सल्लागाराचा वेगळेपणा नेमका तिथंच आहे. मात्र ती कृषी केंद्राकडून कमिशन घेत असेल, तर हे वाक्य काढाच. आणि ‘उत्पादन दुप्पट’ कधीही लिहू देऊ नका. मे महिन्यातला वारा किंवा थंडीत रखडलेली वाढ तिच्या हातात नाही, आणि घड लहान निघाला की तोच शब्द तिच्यासमोर ठेवला जाईल.

मोजताना मराठीत फसगत होते. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘केळी’ दिसायला दोन अक्षरं, पण मोजणीत चार. ‘क्षेत्र’ लिहिलं की सात गेली. म्हणून कागदावर मोजू नका, प्रोफाइलच्या चौकटीत टाकून आकडा बघा. एक्सवर मर्यादा 160 आहे, इन्स्टाग्रामवर 150. वरची ओळ स्पेस धरून 121 भरते, म्हणजे दोन्हीकडे तीच चालेल.

लावण्याआधी ती ओळ एखाद्या केळीवाल्याला वाचायला द्या आणि एवढंच विचारा, ‘हिला कशासाठी बोलवाल?’ त्यानं ‘शेतीच्या सल्ल्यासाठी’ म्हटलं तर ओळ अजून ढिली आहे. ‘ठिबकातून खत कधी, किती सोडायचं ते विचारायला’ म्हटलं की झालं.

उरलेली जागा हंगामासाठी ठेवा. ऑक्टोबरच्या केळी लागवडीआधी, म्हणजे कांदेबागेआधी, शेवटी ‘कांदेबागेच्या भेटी सुरू.’ जोडलं की ओळ 146 वर जाते. लागवड आटोपली की ते शब्द तिला लगेच काढायला सांगा.