परीक्षेत ठणठणीत, नोकरीत सतत सर्दी

बी.ई.ला रात्र-रात्र जागूनही आजारी पडलो नाही. आता आठ महिने झाले, बुटीबोरीच्या कंपनीत टार्गेटचा ताण आहे, तर दर महिन्याला सर्दी. काऊन?

भाऊ, फरक ताणाच्या मुदतीचा आहे. रस्त्यात कुत्रं अंगावर धावलं की कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढतं, रक्तात साखर सोडतं, दाह आवरतं आणि थोड्या वेळात उतरतं. पण ते महिनोन्महिने येत राहिलं, तर रोगप्रतिकारक पेशी त्याचं ऐकेनाशा होतात. रोज ओरडणाऱ्या साहेबाचं कोण मनावर घेतं? मग विषाणू आला की दाह आवरायला कोणी नसतं, आणि वाहतं नाक, दुखरा घसा म्हणजे बराचसा तोच दाह.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांनी 276 निरोगी लोकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडून पाहिलं. महिन्याहून कमी काळ टिकलेल्या तीव्र ताणाने सर्दीचा धोका वाढला नाही, महिनाभर किंवा अधिक चाललेल्या ताणाने वाढला.

त्यात झोप. कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी हवं. तुम्ही अकरा वाजता साहेबाच्या मेलला उत्तर देत बसलात, तर झोप लांबणीवर पडते. कोहेन यांच्याच दुसऱ्या अभ्यासात सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी सुमारे तिप्पट झाली. म्हणून माझ्या मते आधी झोपेचे तास वाढवा.

कॉर्टिसोलच्या रक्ततपासणीवर पैसे घालवू नका. ती ग्रंथींच्या आजारांसाठी असते, असा ताण तिच्यात बहुधा दिसत नाही. आणि ताप नाही, नाक-डोळे खाजतात, कूलर सुरू केला की शिंका येतात, असं असेल तर ती ॲलर्जी असू शकते. कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा.