अंगणवाडीतील स्वयंसेवेचा अहवाल: पहिल्या मसुद्यासाठी

तुमचा मसुदा वाचला. त्यात दिनांकवार कामे आहेत, पण ती नोंदवहीत शोभतात. चिंतनात्मक अहवालासाठी एकच प्रसंग निवडा.

वजनाच्या दिवशी न आलेल्या बालकाचा प्रसंग मी निवडला असता. ‘आईला आहाराची माहिती नाही, म्हणून मूल कुपोषित राहते’ हे वर्गात शिकलेले गृहीतक आधी एका वाक्यात मांडा. मग तुम्हीच टिपलेले लिहा: वाढीच्या तक्त्यावर त्याचा ठिपका पिवळ्या पट्ट्यात होता, आईला पूरक आहार तोंडपाठ होता, आणि दिवाळीनंतर ते कुटुंब ऊसतोडीला गेल्याने पुढचे रकाने कोरे राहिले. येथे माहिती कमी पडली नाही. मूल कारखान्याच्या तळावर आणि त्याचे नाव गावच्या पटावर, ही फट सिद्धान्ताने पाहिलीच नव्हती.

मात्र एवढ्यावरून सिद्धान्त निकामी ठरवण्याची घाई नवखे हमखास करतात. तो कोठवर लागू पडतो, एवढेच म्हणा. ‘खूप शिकायला मिळाले’ हे वाक्य गाळा आणि बालकाचे नाव बदला. संदर्भांची मांडणी नंतर पाहू.